फराळाच्या ऑर्डरी आणि रीलचे वेळापत्रक

दिवाळीचा फराळ घरून विकणाऱ्यांनी गेल्या वर्षीचे व्हिडिओंचे वेळापत्रक तसेच्या तसे वापरले, तर हिशेब चुकतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने ते ८ नोव्हेंबरला येते. म्हणून तारखा लक्ष्मीपूजनापासून उलट मोजत याव्या लागतात आणि त्याआधी शेगडीची क्षमता ठरवावी लागते.

समजा, दोघी मिळून दिवसाला आठ-नऊ किलो फराळ करतात. एक-एक किलोचे साठ डबे भरायला आठवडा लागेल. डबे ४ नोव्हेंबरपर्यंत पोहोचवायचे, तर तळण २८ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि ऑर्डरी २५ ला बंद कराव्या लागतात. साठ डबे त्याआधीच भरले, तर उरलेले ऑर्डरीचे व्हिडिओ रद्द करावेत. मागणी वाढवून नकार देत बसण्यात शहाणपण नाही.

परदेशी पार्सलला वाटेत बरेच दिवस लागतात, म्हणून त्याचा व्हिडिओ सर्वांत आधी, १४ सप्टेंबरला गणपती बसल्यावर लगेच यावा. त्यात चकली, शेव, शंकरपाळे असे टिकाऊ जिन्नस दाखवावेत. ओल्या नारळाच्या करंज्या नकोत. पितृपक्षात अनेक घरांत नवी खरेदी टाळतात. तो काळ चित्रीकरणाला उत्तम. नमुन्याचा एकच घाणा काढताना भाजणी मळणे, सोऱ्यातून वेढे पडणे, तेलातले बुडबुडे कमी होणे, चकली मोडल्याचा आवाज असे तुकडे उभ्या फोनवर टिपले, तर तीन-चार रीलची सामग्री जमते. तळणाच्या आठवड्यात तेलकट हातांनी फोन धरायला कुणालाच सवड नसते.

११ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपासून ऑर्डरी सुरू होतात. पहिल्या व्हिडिओत दर, डब्यातले जिन्नस, वजन आणि पोहोचवण्याचा परिसर स्पष्ट सांगावा आणि तो प्रोफाइलवर सर्वांत वर पिन करावा. पुढे आठवड्याला दोन व्हिडिओ पुरतात. अनारसे घ्यायचे असतील तर त्यांची ऑर्डर लवकर बंद करावी, कारण तांदूळ तीन दिवस भिजवून केलेले पीठ गुळात मुरायला आणखी काही दिवस जातात.

सर्वांत जास्त घोटाळा शेवटच्या तारखेच्या व्हिडिओत होतो. रील अनोळखी लोकांपर्यंत हळूहळू, कित्येकदा आठवड्याने पोहोचते. ‘आज शेवटचा दिवस’ अशी रील तारीख उलटल्यावरही फिरत राहते आणि ऑर्डर बंद झाल्यावर फोन खणखणतात. असा निरोप चोवीस तासांत नाहीसा होणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर द्यावा. रीलमध्ये मात्र ‘२५ ऑक्टोबरपर्यंत’ अशी तारीखच लिहावी.

नुसत्या व्ह्यूजवरून काहीच ठरवता येत नाही. ठाण्यात डबे पोहोचवणाऱ्या घराची चकली नागपुरात हजारोंनी पाहिली, तरी ऑर्डर येत नाही. प्रत्येक ग्राहकाला ‘कुठे पाहिलंत?’ असे विचारून वहीत टिपले, म्हणजे कोणत्या व्हिडिओने डबे विकले ते कळते.