पाच शेरे, एक पत्र

मसुदा एकाने लिहायचा आणि तपासायचा पाच जणांनी, ही आपल्या बहुतेक कार्यालयांची रीत आहे. तपासणारे सगळे वरिष्ठ असतात, प्रत्येकजण आपापल्या खात्याच्या बाजूने बघतो आणि शेरे एकमेकांना छेद देतात. मग मसुदा लिहिणारा सहसा सर्वांना खूश ठेवायचा मार्ग धरतो. प्रत्येकाचे एक वाक्य घेतो, कुठे ‘तथापि’, कुठे ‘परंतु’ घालून जोडतो. असे पत्र वाचणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. हे कसे टाळता येते, ते एका पत्रावरून पाहू.

समजा, एका नागरी सहकारी बँकेला खातेदारांना केवायसी, म्हणजे ओळखीची माहिती, अद्ययावत करण्याबद्दल पत्र पाठवायचे आहे. कमी जोखमीच्या ग्राहकांची ही माहिती दर 10 वर्षांनी तपासावी लागते. ज्यांची मुदत येत्या 31 मार्चपर्यंत संपते, त्यांच्यासाठी एका पानाचा मसुदा तयार झाला. कायदा अधिकारी लिहितात, ‘मुदत संपताच खात्यावर निर्बंध येतील हे स्पष्ट लिहा.’ मार्केटिंगप्रमुख म्हणतात, ‘निर्बंध हा शब्द काढा, आणि पत्र कशाला, एसएमएस पुरे.’ शाखांचे काम पाहणारे व्यवस्थापक म्हणतात, ‘मार्चअखेर सगळ्यांना शाखेत बोलावू नका.’ संगणक विभागाचा शेरा असा, की मोबाइल ॲपवरची सोय अजून सुरू झालेली नाही. महाव्यवस्थापकांनी पहिल्या परिच्छेदाशेजारी एवढेच लिहिले आहे : ‘नीट वाटत नाही.’

पहिले काम म्हणजे सगळे शेरे एका जागी आणणे. कोणी छापील प्रतीवर लिहिले असेल, कोणी मेलमध्ये, तर कोणी जुन्याच प्रतीवर. Word मध्ये Review टॅबवर Compare खाली Combine असा पर्याय आहे, त्याने दोन प्रतींमधले बदल एकत्र दिसतात. पण एका वेळी दोनच प्रती जोडता येतात आणि कोणता बदल का सुचवला, ते त्यातून कळत नाही. म्हणून साधा तक्ता करावा : कुठले वाक्य, कोणाचा शेरा, त्यामागची काळजी, निर्णय, निर्णय कोणाचा. यातला ‘काळजी’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कष्टाचा. शेऱ्यात बहुतेक वेळा उपाय लिहिलेला असतो, अडचण लिहिलेली नसते. ती विचारून घ्यावी लागते. ‘नीट वाटत नाही’ या शेऱ्यावर अंदाजाने चार वाक्ये बदलण्यापेक्षा महाव्यवस्थापकांना फोन करून ‘साहेब, नेमके काय खटकले?’ असे विचारावे. कदाचित त्यांना एवढेच हवे असते की, खातेदाराने काय करायचे ते पहिल्याच ओळीत यावे.

रकाना भरला की शेऱ्यांची आपोआप विभागणी होते. काही वाद मताचे नसतातच. त्यांचा निकाल नियमाने किंवा वस्तुस्थितीने लागतो. पत्र की एसएमएस, हा तसा वाद. रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये नियमांत केलेल्या सुधारणेनुसार मुदतीआधी ग्राहकाला किमान तीनदा सूचना द्यावी लागते आणि त्यातली किमान एक पत्राने. म्हणजे पत्र जाणारच, एसएमएस त्याच्या जोडीला. त्याच सुधारणेत कमी जोखमीच्या वैयक्तिक ग्राहकांना मुदत उलटल्यावरही सवलतीचा काळ दिला आहे, त्यामुळे कायदा अधिकाऱ्यांचे ‘मुदत संपताच’ हे शब्द टिकत नाहीत. इथे पदाचा मान राखण्याचा प्रश्न नाही. नियमाचा उतारा तक्त्यात जोडावा आणि पुढे जावे.

दुसऱ्या प्रकारचे वाद खरे वाटतात, पण काळजी विचारल्यावर दिसते की, दोघे दोन वेगळ्या धोक्यांकडे बोट दाखवत आहेत. कायदा अधिकाऱ्यांना भीती अशी, की उद्या खातेदार म्हणेल, ‘मला परिणाम सांगितलाच नव्हता.’ मार्केटिंगप्रमुखांची भीती वेगळी आणि तितकीच रास्त आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त 1,000 रुपये काढता येत होते. सहकारी बँकेच्या पत्रात ‘निर्बंध’ वाचले की निवृत्त माणसाला तेच आठवते, आणि तो ठेव मोडायला शाखेत येतो. या दोन भीतींत विरोध नाही. दोन्ही भागतील असा मजकूर लिहिता येतो : ‘माहिती मिळाली नाही, तर पुढे काही काळाने आपल्या खात्यातून पैसे काढण्यात अडचण येऊ शकते. हे काम फक्त आपल्या ओळखीच्या कागदपत्रांपुरते आहे, बँकेच्या आर्थिक स्थितीशी त्याचा संबंध नाही.’ परिणाम सांगितला गेला, घबराटही टळली. याला मध्यममार्ग म्हणत नाहीत. मध्यममार्ग म्हणजे ‘काही निर्बंध येण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असे वाक्य. त्यात खातेदार घाबरतो आणि त्याला माहितीही मिळत नाही.

उरतो तो खरा पेच. माहितीत काही बदल नसेल तर ग्राहकाने तसे स्वतः लिहून दिलेले चालते, शाखेत येण्याची गरज नसते. पण ॲप तयार नाही. मग आत्ताच पत्र पाठवून लेखी घोषणापत्र टपालाने मागवायचे, की ॲप सुरू होईपर्यंत दोन आठवडे थांबायचे? पहिल्यात खर्च आणि शाखांवर टंकनाचा भार, दुसऱ्यात सूचना उशिरा जाण्याचा धोका. हा प्रश्न भाषेचा नाही, आणि मसुदा लिहिणाऱ्याने तो शब्दांत गुंडाळून सोडवू नये. ज्याच्याकडे खर्च आणि धोका दोन्हींची जबाबदारी आहे, त्या एकाच व्यक्तीकडे तो जावा, इथे महाव्यवस्थापक. त्यांना पाच ओळी पुरतात : दोन पर्याय, प्रत्येकाची किंमत, आपली शिफारस आणि उत्तर कधीपर्यंत हवे. ‘उत्तर आले नाही तर होकार समजू’ ही अट शब्दरचनेसारख्या किरकोळ बाबींना लावता येते, अशा निर्णयाला कधीही लावू नये.

महाव्यवस्थापकांनी ‘आत्ताच पाठवा, घोषणापत्र सोबत जोडा’ असे ठरवले की मग लेखन. इथे बरेच जण Accept All दाबतात आणि वाक्यांची सांधेजोड करत बसतात. त्यापेक्षा शेऱ्यांची प्रत बाजूला ठेवून, फक्त तक्त्यातला निर्णयाचा रकाना समोर घेऊन पत्र पहिल्या ओळीपासून एका हाताने लिहावे. ठिगळे राहिली आहेत का, ते मोठ्याने वाचल्यावर कळते. एकच गोष्ट दोन ठिकाणी वेगळ्या शब्दांत आली आहे का, ‘आपण’ मध्येच ‘खातेदाराने’ झाले आहे का, एकीकडे ‘शाखेत या’ आणि दुसरीकडे ‘टपालाने पाठवा’ राहिले आहे का, ते पाहावे. शेवटची चूक सर्वांत घातक, कारण एक निर्णय बदलला की त्याला टेकलेली आणखी दोन-तीन वाक्ये बदलावी लागतात, आणि त्यांच्यावर कोणाचाच शेरा नसतो.

नवा मसुदा सर्वांना एकाच वेळी, सोबत अर्ध्या पानाचे निर्णय-टिपण जोडून पाठवावा : काय घेतले, काय घेतले नाही, का, आणि कोणी ठरवले. ज्यांचा शेरा घेतला नाही, त्यांच्याशी टिपण जाण्याआधी बोलून घ्यावे. सर्वांसमोर पहिल्यांदा कळले तर चांगला माणूसही हट्टाला पेटतो. आणि दुसऱ्या फेरीत ‘अभिप्राय कळवावा’ असे मोघम लिहू नये. ‘यातले काही वस्तुस्थितीला धरून नसेल तर गुरुवारपर्यंत सांगावे’ एवढेच विचारावे.

ही पद्धत एका ठिकाणी अडते. दोन समान अधिकाराच्या वरिष्ठांचे धोरणच जुळत नसेल आणि दोघांच्या वर निर्णय घेणारे कोणी नसेल, तर कितीही चांगला मसुदा तो पेच सोडवू शकत नाही. अशा वेळी लिहिणे थांबवावे आणि दोघांना एका टेबलाशी बसवून, समोर पत्र न ठेवता, फक्त तो एक प्रश्न ठेवावा.