घड्याळाचा स्क्रीनशॉट कसा वाचावा

मुलगा परदेशात, आई कोल्हापुरात आणि आईच्या मनगटावर मुलाने पाठवलेलं अ‍ॅपलचं घड्याळ, असं चित्र आता बऱ्याच घरांत दिसतं. आमच्या ओळखीच्या एका त्रेसष्ट वर्षांच्या काकूंनी एका संध्याकाळी फोनचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. वर High Heart Rate असा इशारा, खाली Resting Heart Rate 64 BPM, Heart Rate Variability 24 ms आणि Blood Oxygen 93%. पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. ठोके वाढलेत, ऑक्सिजन कमी झालाय, लगेच दवाखान्यात जा. काकूंना तोवर काहीच होत नव्हतं, पण उत्तरं वाचून धडधड सुरू झाली.

अशा वेळी आधी इशारा नीट वाचायचा. High Heart Rate म्हणजे नुसते ‘ठोके जास्त’ नव्हेत. तुम्ही स्वस्थ बसलेले दिसत असताना दहा मिनिटं ठोके ठरलेल्या मर्यादेच्या वर राहिले, एवढं ते घड्याळ सांगतं. ही मर्यादा मुळात मिनिटाला 120 ठेवलेली असते आणि फोनमधून बदलता येते. इथे ‘दिसत असताना’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. माणूस बसलाय की चालतोय हे घड्याळ प्रामुख्याने मनगटाच्या हालचालीवरून ठरवतं. पाय जोरात काम करत असले आणि हात स्थिर असला, तर घड्याळाच्या लेखी तुम्ही बसलेलेच.

काकूंच्या बाबतीत तेच झालं होतं. सोसायटीच्या जिममध्ये त्या व्यायामाच्या सायकलवर बसल्या होत्या, दोन्ही हातांनी मूठ घट्ट धरून. घड्याळात व्यायाम सुरू केल्याची नोंद केली नव्हती. ठोके 124 ते 131. वयाच्या अंदाजाने कमाल ठोके काढायची ढोबळ रीत म्हणजे 220 वजा वय. त्या हिशेबाने काकूंची कमाल 157 येते, आणि दमदार सायकल मारताना 124 ते 131 ठोके होणं स्वाभाविक आहे.

पण नुसतं ‘सायकल चालवत होते’ एवढ्यावर थांबू नये. फोनमधल्या हेल्थ अ‍ॅपमध्ये त्या तासाचा आलेख उघडून बघावा. काकूंच्या आलेखात ठोके सहा वाजल्यापासून हळूहळू चढत गेले होते आणि सायकलवरून उतरल्यावर हळूहळूच खाली आले होते. श्रमाचा आलेख असाच दिसतो. बसल्या जागी ठोके एकदम 75 वरून दीडशेला जावेत, तिथेच राहावेत आणि तसेच एकदम खाली यावेत, असं दिसलं तर मात्र तो स्क्रीनशॉट वेळेसकट डॉक्टरांना दाखवायलाच हवा. हृदयाच्या काही विकारांत ठोके असेच बटण दाबल्यासारखे सुरू होतात आणि बंद होतात. बसलेलं असताना वारंवार इशारा येत असेल आणि त्यामागे ताप, अंगातलं पाणी कमी होणं, घाबरणं किंवा कडक कॉफी असं काही सापडत नसेल, तरीही तपासणी करून घ्यावी. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी ठोके वाढतात.

कधी कधी आकडाच खोटा असतो. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश थोडा बदलतो. पट्टा सैल असला की चालताना घड्याळ हलतं, तेही पावलांच्या लयीत, आणि यंत्र त्या लयीलाच नाडी समजून बसतं. मिनिटाला 115 पावलं पडत असतील तर ठोकेही 115 दाखवले जातात. शंका आली तर थांबा, बसा, दुसऱ्या हाताची दोन बोटं अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर ठेवा आणि तीस सेकंद नाडी मोजून दुप्पट करा. नाडी अनियमित लागली तर पूर्ण मिनिट मोजा. घड्याळात आणि बोटांत मोठा फरक निघाला तर पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर घट्ट करा आणि पुन्हा पाहा.

आता खालचे आकडे. Resting Heart Rate म्हणजे आत्ताचे ठोके नव्हेत, दिवसभरात तुम्ही शांत असतानाच्या नोंदींवरून काढलेला अंदाज. मोठ्या माणसांत 60 ते 100 हा नेहमीचा पल्ला. रोज पळणाऱ्यांचा आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचा आकडा त्याखालीही असतो. काकूंचे 64 गेले कित्येक आठवडे 64च्या आसपासच होते, म्हणून ते निर्धास्त. हाच आकडा दोन-तीन दिवसांत आठ-दहाने वर चढला असता, तर ताप किंवा संसर्ग येतोय का, हे बघण्यासारखं होतं.

HRV वरून लोक विनाकारण घाबरतात. दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी अगदी सारखं नसतं, त्या फरकाचं हे माप मिलिसेकंदांत असतं. वयानुसार ते कमी होत जातं. शिवाय अ‍ॅपल ते एका पद्धतीने काढतं, तर गार्मिन आणि फिटबिट वेगळ्या पद्धतीने. त्यामुळे सुनेच्या फिटबिटवरचे 55 आणि सासूच्या अ‍ॅपलवरचे 24 शेजारी ठेवून काहीच कळत नाही. आपली तुलना आपल्याच गेल्या महिन्याशी करावी.

Blood Oxygen 93% हा आकडा एकटा असेल तर त्यावर फार विसंबू नये. थंड हात, सैल पट्टा, मनगटावरचं गोंदण आणि मोजताना झालेली हालचाल यांनी तो खाली येतो. हात टेबलावर सपाट ठेवून दोन-तीनदा मोजा, घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. काकूंच्या बोटाला 97 आलं. पुन्हा पुन्हा 92च्या खाली येत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावं.

वेगळा आणि जास्त गांभीर्याने घ्यायचा इशारा म्हणजे Irregular Rhythm. घड्याळ अधूनमधून, तुम्ही शांत असताना, ठोक्यांची लय तपासतं आणि ती पुन्हा पुन्हा विस्कळीत आढळली तरच कळवतं. एट्रियल फिब्रिलेशन या विकाराची शक्यता त्यातून सूचित होते. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकेत स्टॅनफर्डने चार लाखांहून अधिक घड्याळधारकांवर केलेल्या अभ्यासात अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांनाच हा इशारा आला होता. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीला ईसीजीची पट्टी लावून घेतली, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत तो विकार पट्टीवर सापडला. हा विकार येतो-जातो, म्हणून पट्टीवर न सापडणं म्हणजे तो नव्हताच असं नाही. आणि इशारा आला नाही म्हणजे हृदय निरोगी, असंही नाही.

इशारा आल्यावर मनगटावरचा ईसीजी घ्यायचा असेल तर हात स्थिर ठेवून बोट बाजूच्या मुकुटावर तीस सेकंद ठेवावं. निकालात Sinus Rhythm दिसलं की अनेकांना नाकाचं सायनस आठवतं. त्याचा इथे काही संबंध नाही. हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरकडून ठोके नियमित येत आहेत, असा त्याचा अर्थ, म्हणजे निकाल चांगला. Inconclusive म्हणजे निष्कर्ष निघाला नाही, बहुधा हात हलल्यामुळे, पट्टा सैल असल्यामुळे किंवा ठोके फार कमी-जास्त असल्यामुळे. निकाल कोणताही असो, त्याची पीडीएफ फोनमधून काढून, तेव्हा काय जाणवत होतं आणि कोणती औषधं चालू आहेत हे लिहून डॉक्टरांना दिली, तर त्यांना नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

हे घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम असं काही असेल, तर Sinus Rhythm दिसत असला तरी ग्रुपवर विचारत बसू नका, थेट 108ला फोन लावा.