बिल पाठवलं, पण सापडतच नाही? मेलच्या ‘विषय’ रकान्यात काय लिहायचं ते बघा

लाकडी पॅलेट बनवणाऱ्या एका कारागिराची गोष्ट. गावात शेड आहे, हाताखाली चार माणसं आहेत. जवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याला ते दर महिन्याला पॅलेट देतात. माल वेळेत जातो, चलनावर सही-शिक्का होतो, बिलही मेलने जातं. तरी जूनच्या 200 पॅलेटचे पैसे ऑगस्ट उजाडला तरी आले नव्हते. अकाउंट्सला फोन केला तर उत्तर मिळालं, “दादा, तुमचं जूनचं बिलच आलेलं नाही.” हे म्हणाले, “साहेब, मी तेरा तारखेलाच टाकलंय, माझ्याकडे दिसतंय ना!”

दोघंही खरं बोलत होते. बिल गेलं होतं, पण सापडत नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांनी पहिलं बिल ‘Bill’ एवढाच विषय टाकून पाठवलं होतं. पत्ता परत टाईप करायला नको म्हणून मे आणि जूनची बिलं त्याच जुन्या मेलला ‘Reply’ करून पाठवली. त्यामुळे कारखान्याच्या जीमेलमध्ये तिन्ही बिलं ‘Bill’ नावाच्या एकाच घडीत एकाखाली एक जाऊन बसली. अकाउंट्सवाल्याने ती घडी उघडली, वर एप्रिलचं बिल दिसलं, ते तर चुकतं झालेलं. त्याने मेल बंद केली.

त्यात त्याचा दोष धरता येत नाही. मोठ्या कारखान्यात बिल पास होताना तीन कागद जुळवले जातात: त्यांनी दिलेली खरेदी ऑर्डर म्हणजे पीओ, गेटवर माल उतरल्याची नोंद आणि तुमचं बिल. अकाउंट्सचा माणूस बहुतेक वेळा पीओ नंबर हातात घेऊन बसलेला असतो. तो तुमच्या गावाच्या किंवा शेडच्या नावाने मेल शोधत नाही. तो शोधायच्या चौकटीत `4512` टाकतो. तुमच्या विषयात 4512 असेल तर बिल दोन सेकंदात समोर. विषयात नुसतं ‘Bill’ असेल तर त्याला बिल-बिल असं लिहिलेल्या शंभर मेल दिसणार.

म्हणून विषय असा लिहायचा:

```
Invoice SP/25-26/047, PO 4512, 200 pallets, due 12 Jul
```

यातलं एकेक समजून घेऊ.

सुरुवातीला बिल नंबर, आणि तो बिलावर छापलाय अगदी तसाच. जीएसटीच्या नियमाने बिल नंबर जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असतो, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते, आणि एका आर्थिक वर्षात तोच नंबर दोनदा येऊ शकत नाही. SP/25-26/047 ही बारा अक्षरं झाली. पुढची SP ही शेडच्या नावाची आद्याक्षरं. तुम्ही तुमची टाका. ती असलेली बरी. कारण तुमची मेल अकाउंट्समधून खरेदी विभागाला, तिथून गोडाऊनला अशी फॉरवर्ड होत जाते, आणि तिथे पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव राहत नाही, कारखान्याच्याच माणसाचं येतं. नुसतं 047 कुणाचंही असू शकतं.

इथे एक गोम आहे. जीमेलचा शोध पूर्ण शब्द बघतो, शब्दाचा तुकडा बघत नाही. विषयात 047 लिहिलं आणि शोधताना 47 टाकलं तर मेल सापडेलच असं धरू नका. ‘Invoice047’ असं चिकटवून लिहिलं तरी तीच पंचाईत. म्हणून बिलावर एक, विषयात दुसरं आणि पीडीएफच्या नावात तिसरंच असं करू नका. विषय मराठीत लिहिला तर बिघडत नाही, पण समोरचा शोधताना इंग्रजी आकडे टाईप करणार आहे, हे लक्षात ठेवून नंबर तरी इंग्रजीत ठेवा.

पीओ नंबर लगेच दुसरा का? फोनवर मेलचा विषय पूर्ण दिसत नाही. यादीत साधारण पहिली तीस-चाळीस अक्षरं दिसतात आणि पुढे टिंबं येतात. वरच्या ओळीत बिल नंबर आणि पीओ नंबर मिळून 29 अक्षरं होतात, म्हणजे दोन्ही टिंबांच्या अलीकडे राहतात. ‘आदरणीय साहेब, सोबत आमचे बिल जोडत आहे’ असा विषय लिहिला तर कामाची गोष्ट टिंबांच्या पलीकडे जाते. साहेबांना नमस्कार मेलच्या आत करा.

मग माल आणि नग. हे गोडाऊनच्या माणसासाठी. त्याला पीओ पाठ नसतो, पण 200 पॅलेट कधी उतरले ते आठवतं.

शेवटी पैसे देय असल्याची तारीख. ही मनाने टाकायची नाही. या कारागिरांच्या पीओवर माल स्वीकारल्यापासून 30 दिवस असं लिहिलेलं होतं, माल 12 जूनला उतरला, म्हणून 12 जुलै. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी कायदा सांगतो की लेखी करार केला तरी ही मुदत 45 दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. मुदत मोजली जाते माल स्वीकारल्याच्या दिवसापासून, तुम्ही मेल टाकल्यापासून नाही. म्हणून चलनावरची तारीख बघूनच due लिहा. चुकीची तारीख लिहिली तर समोरचा पुढच्या वेळी तिच्याकडे बघणारही नाही.

रक्कम विषयात लिहावी का? काही जण लिहितात. माझ्या मते नको. फोन टेबलावर पडलेला असला तरी सूचना पडद्यावर झळकते आणि आजूबाजूच्यांना आकडा दिसतो. रक्कम मेलच्या आत पहिल्या ओळीत लिहा. बँक खात्याचा नंबर तर विषयात मुळीच नको.

‘Urgent’, ‘Payment immediately’, तीन-तीन उद्गारचिन्हं हेही टाळा. फसवणूक करणारे लोक अगदी असेच विषय वापरतात: ‘Invoice attached’, ‘Urgent payment’. कंपन्यांमध्ये अकाउंट्सच्या लोकांना अशा मेल उघडू नका असं बजावून सांगितलेलं असतं. पीओ नंबर मात्र बाहेरच्या ठगाला सहसा माहीत नसतो. तो विषयात दिसला की समोरच्याला मेल आपल्याच कामाची वाटते.

आता फोनवरची नेहमीची चूक. आपण पीडीएफ उघडतो, ‘Share’ दाबतो, जीमेल निवडतो. त्या वेळी ॲपनुसार विषय एक तर रिकामा राहतो, नाही तर फाईलचं नाव आपोआप तिथे बसतं. ते नाव बरेचदा ‘Scan_20250613’ असलं काहीतरी असतं. घाईत आपण तसंच पाठवून देतो. यावर सोपा उपाय म्हणजे पीडीएफचंच नाव आधी बदलून घ्या. फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून तिथे `SP-25-26-047 PO 4512` असं आडव्या रेघेने लिहा आणि विषयात नंबर बिलाप्रमाणे नीट करा. ‘Send’ दाबायच्या आधी ‘Subject’ची ओळ एकदा वाचायची, एवढी सवय लावून घ्या.

प्रत्येक नवं बिल नव्या मेलने पाठवायचं, म्हणजे ‘Compose’ दाबून. जुन्या मेलला ‘Reply’ करून नाही. जीमेलमध्ये पहिली दोन-चार अक्षरं टाकली की जुना पत्ता आपोआप समोर येतो, तो परत लिहावा लागत नाही. आठवण करून द्यायची असेल तेव्हा मात्र उलटं. तेव्हा नवी मेल नको, त्याच बिलाच्या मेलवर जायचं, म्हणजे समोरच्याला आधीची तारीखही दिसते. फक्त ‘Reply’ केलं तर जोडलेली पीडीएफ सोबत जात नाही, ती परत जोडावी लागते. पाठवलेली मेल ‘Forward’ करून त्याच पत्त्यावर टाकली तर पीडीएफ सोबत जाते. विषयाच्या पुढे ‘Reminder’ एवढा शब्द घाला, बाकी ओळ जशीच्या तशी ठेवा. बिलात चूक निघून दुरुस्तीचा कागद पाठवत असाल तर सुरुवातीला ‘Revised’ किंवा ‘Credit note’ लिहा आणि मूळ बिलाचा नंबर ठेवा, नाहीतर दोन्ही कागद पास व्हायला जातील आणि दोन्ही अडकतील.

या सगळ्याचा फायदा तुमच्या बाजूलाही आहे. जीएसटी दर महिन्याला भरणाऱ्यांना विक्रीचं विवरण पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत द्यावं लागतं आणि सीए दहा तारखेला फोन करतो, “बिलं टाका.” तेव्हा जीमेलच्या शोध चौकटीत हे लिहा:

```
in:sent subject:invoice after:2025/06/01 before:2025/07/01
```

जूनमध्ये पाठवलेली सगळी बिलं एका यादीत येतात. एकच बिल हवं असेल तर:

```
in:sent "SP/25-26/047"
```

यादीत 045, 046, 048 दिसलं आणि 047 नाही, तर ते बिल बनवलं पण पाठवायचं राहिलं, हेही तिथेच कळतं.

विषय नीट लिहिला म्हणून अडलेले सगळे पैसे सुटतात असं नाही. गेटवर 196 पॅलेटचीच नोंद झाली असेल आणि बिल 200 चं असेल, तर मेल सापडूनही बिल थांबणारच. ते फोनवर किंवा प्रत्यक्ष जाऊनच सोडवावं लागतं. फरक एवढाच की बोलणं ‘बिल आलंच नाही’ इथून सुरू न होता चार पॅलेटपासून सुरू होतं.

आमच्या कारागिरांचं पुढे काय झालं? एकदा गेलेल्या मेलचा विषय मागाहून बदलता येत नाही. म्हणून त्यांनी जूनची पीडीएफ नव्या मेलला जोडली, वर सांगितलेली ओळ विषयात लिहिली आणि आत लिहिलं, ‘हे बिल 13 जूनच्या मेलमध्ये पाठवलं होतं, तेच पुन्हा पाठवत आहे. नंबर तोच आहे, बिल नवीन नाही.’ हे शेवटचं वाक्य गरजेचं होतं, नाहीतर अकाउंट्सला तेच बिल दुसऱ्यांदा आलंय असं वाटलं असतं. मग फोन करून फक्त पीओ नंबर सांगितला. पलीकडून आवाज आला, “हां, दिसलं.”