निळे केंद्रक, गुलाबी पेशी : कर्करोग ओळखतात कसा?

गालाच्या आतल्या बाजूने लाकडी काडीने हलकेच खरवडायचे, मिळालेला पातळ थर काचपट्टीवर पसरायचा, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. हा प्रयोग आपण शाळेत नेहमी करतो. दिसणारी पेशी पसरट असते, साधारण ५० ते ६० मायक्रॉन रुंद. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तिच्या मध्यावर आठ-दहा मायक्रॉनचा निळा ठिपका दिसतो, ते केंद्रक. मोठ्या अंगणात एक लहानसे तुळशीवृंदावन असावे, तसे हे प्रमाण असते. हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण कर्करोग ओळखताना विकृतिशास्त्रज्ञ सर्वांत आधी जे पाहतो त्यांत ते येते.

आपल्याकडे कर्करोग याच गालाच्या अस्तरात वारंवार होतो आणि त्याचे मोठे कारण तंबाखू हे आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या सवयी आणि कर्करोगाची जागा यांचा संबंध त्यात दाखवला होता. तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठाच्या आत जिथे धरून ठेवतात, तिथेच होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यात आहे. सवय आणि जागा यांचा संबंध रुग्णाला विचारून कळतो. मात्र ती गाठ किंवा तो व्रण खरोखर कर्करोगाचा आहे की नाही, हे काचपट्टीवरच ठरते. ते कसे ठरते, हे एका उदाहरणाने पाहू.

मुळशी तालुक्यातल्या नेरे गावचा पन्नाशीचा एक शेतकरी आहे अशी कल्पना करू. रुग्ण कल्पित असला तरी अशी माणसे पुण्याच्या रुग्णालयांत नेहमी येतात. पंचवीस वर्षे तो डाव्या गालात तंबाखू धरतो. तिथे पांढरा चट्टा आहे आणि चट्ट्याच्या मध्ये महिनाभर न भरलेला व्रण आहे. व्रणाची कड बोटाला कठीण लागते. ही जखम दाताच्या टोकाने झालेली असू शकते किंवा तो कर्करोग असू शकतो. पहिल्या शक्यतेत दात घासून दिला की काम भागते. दुसऱ्या शक्यतेत गालाचा आणि कदाचित जबड्याचाही भाग काढावा लागतो. म्हणून डॉक्टर व्रणाच्या कडेवरून पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा काढतात. तो मुद्दाम थोडा खोल घेतात आणि त्यात शेजारचा बरा दिसणारा भागही घेतात. या दोन्ही गोष्टींचे कारण पुढे येईल.

तुकडा लगेच फॉर्मेलिनमध्ये टाकतात. फॉर्मेलिन तुकड्याच्या निदान दहापट हवे. ते कमी पडले किंवा तुकडा उघडा राहिला, तर पेशींतली विकरे पेशींनाच पचवू लागतात आणि केंद्रकाचा तपशील पुसला जातो. पुढे वेगवेगळ्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून तुकड्यातले पाणी काढून टाकतात, झायलिनने अल्कोहोल काढतात आणि त्या जागी वितळलेले पॅराफिन मेण भरतात. मेण घट्ट झाले की मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. हे काप इतके पातळ असतात की त्यांत बहुधा पेशींचा एकच थर येतो.

असा काप जवळजवळ पारदर्शक असतो. त्यात काही दिसावे म्हणून रंगवावे लागते. हिमॅटॉक्सिलिन हे द्रव्य मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडाच्या गाभ्यातून मिळते. ते स्वतः चांगला रंग नव्हे. त्याचे ऑक्सिडीकरण करून तुरटीतल्या ॲल्युमिनियमशी जोडले की धनभारित रंग तयार होतो. डीएनएच्या साखळीवरच्या फॉस्फेट गटांवर ऋणभार असतो, त्यामुळे हा रंग तिथे चिकटतो. नळाच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात धुतले की त्याची तांबूस छटा जाऊन केंद्रके निळी होतात. इओसिनचे उलट असते. तो ऋणभारित रंग आहे आणि पेशीद्रव्यातल्या व तंतूंमधल्या धनभारित प्रथिनांना धरतो. ती सारी गुलाबी दिसतात. थोडक्यात, निळा रंग डीएनए कुठे आणि किती दाट आहे ते सांगतो, तर गुलाबी रंग प्रथिने कुठे आहेत ते सांगतो. कर्करोगाचा म्हणून वेगळा रंग यात कुठेच नाही. तो रंगांच्या मांडणीवरून ओळखावा लागतो.

विकृतिशास्त्रज्ञ आधी कमी वर्धनाखाली तुकड्याचा बरा भाग पाहतो. गालाचे अस्तर म्हणजे स्तरित अभिस्तर ऊती. तिच्या तळाशी लहान, गर्द निळ्या केंद्रकांच्या पेशींची एक ओळ असते. पेशींचे विभाजन मुख्यतः तिथे होते. नव्या पेशी वर सरकताना मोठ्या होतात, त्यांचे पेशीद्रव्य वाढते आणि पृष्ठभागावर त्या पसरट होतात. आपण शाळेत खरवडून काढतो त्या याच वरच्या पेशी. अस्तराच्या खाली गुलाबी तंतूंची संयोजी ऊती असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व चेता असतात. अस्तर आणि ही ऊती यांच्यामध्ये आधारपटल नावाचा अतिशय पातळ पडदा असतो. या दोन रंगांनी तो वेगळा दिसत नाही, पण निळ्या ओळीची खालची कड सलग आहे यावरून त्याची जागा कळते.

आता नजर व्रणाच्या कडेकडे सरकते आणि वर्धन वाढवले जाते. इथे क्रम मोडलेला दिसतो. तळाच्या ओळीतल्या पेशी एका दिशेने उभ्या न राहता कशाही कलंडलेल्या आहेत. केंद्रके मोठी झाली आहेत, पेशी मात्र त्या मानाने वाढलेल्या नाहीत. अंगणातल्या वृंदावनाने आता निम्मे अंगण व्यापले आहे. केंद्रकांचा आकारही सारखा नाही. शेजारशेजारच्या दोन पेशींमध्ये एकीचे केंद्रक दुसरीच्या तिप्पट आहे, एकाची कड गोल तर दुसऱ्याची खाचाखोचांची आहे. मोजण्यासाठी वेगळी पट्टी लागत नाही. जवळच्या रक्तवाहिनीतली तांबडी पेशी सुमारे सात मायक्रॉनची असते, तिच्याशी तुलना करता येते. केंद्रके गर्दही आहेत, कारण या पेशींमध्ये गुणसूत्रांची संख्या बिघडून बहुधा वाढलेली असते. डीएनए जास्त म्हणून हिमॅटॉक्सिलिनही जास्त धरले जाते. काही केंद्रकांत मोठी केंद्रिका उठून दिसते.

विभाजन होत असलेल्या पेशी नेहमीच्या तळच्या ओळीऐवजी वरच्या थरांतही दिसतात. विभाजन हे स्वतः दुष्टपणाचे लक्षण नव्हे, भरणाऱ्या जखमेतही ते भरपूर असते. परंतु निरोगी पेशीत गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे सारखी वाटली जातात. इथे एका पेशीत ती तीन बाजूंना ओढली गेलेली दिसतात. असे त्रिध्रुवी विभाजन साध्या जखमेत अपेक्षित नसते.

तरीही एवढ्यावर कर्करोग पसरू लागला आहे असे म्हणता येत नाही. हा सारा गोंधळ अस्तराच्या आतच असेल आणि खालची कड सलग असेल, तर ती कर्करोगापूर्वीची अवस्था ठरते. अशा पेशींना रक्तवाहिन्यांपर्यंत वाट मिळालेली नसते. म्हणून खरा प्रश्न आहे तो आधारपटलाचा. आपल्या रुग्णाच्या काचपट्टीवर अस्तराच्या खाली, गुलाबी तंतूंच्या मध्ये, निळसर पेशींची वेडीवाकडी बेटे दिसतात. त्यांच्याभोवती लहान गोल केंद्रकांच्या लिंफ पेशी जमल्या आहेत. काही बेटांच्या मध्यभागी कांद्याच्या चकतीसारखी गुलाबी वर्तुळे आहेत. त्यांना केरॅटिन मोती म्हणतात. केरॅटिन तयार करणे हे अस्तराच्या वरच्या पेशींचे काम आहे. तेच काम इथे चुकीच्या जागी, खोलवर चालू आहे. बेटे अस्तरातूनच आलेली आहेत याची ही खूण आहे. तुकडा खोल घेतला नसता, तर ही बेटे कापात आलीच नसती.

इथे फसगत कशी होते तेही पाहायला हवे. निरोगी अस्तराची टोके दातांसारखी खाली उतरलेली असतात. काप सरळ न घेता तिरका घेतला गेला, तर या टोकांचे तुकडे सुटे पडून खोलवरची बेटे असल्याचा भास होतो. दुसरे म्हणजे, जुन्या जखमेच्या काठचे अस्तर दुरुस्तीसाठी जोरात वाढते. तिथेही मोठी केंद्रके आणि ठळक केंद्रिका दिसतात. मात्र या पेशी एकमेकींसारख्या असतात, त्यांची विभाजने नियमित असतात आणि वर सरकताना त्या पुन्हा नेहमीचे रूप घेतात. शंका आली तर त्याच मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोल काप घेतात. तिरकेपणामुळे सुटे दिसलेले टोक पुढच्या कापात बहुधा अस्तराला जोडलेले सापडते. खरी बेटे पुढच्या कापांतही वेडीवाकडी पसरलेली राहतात. चिमट्याने चिरडलेल्या तुकड्यात केंद्रके निळ्या रेघांसारखी ओढली जातात. तेव्हा अंदाज न बांधता नवा तुकडा मागवणेच योग्य.

केवळ पेशीच्या चेहऱ्यावरून निकाल देता येत नाही याचे उलट उदाहरण गलग्रंथीत मिळते. तिच्या एका प्रकारच्या कर्करोगात पेशी अगदी नीटनेटक्या आणि सारख्या दिसतात. गाठीभोवतीचे आवरण किंवा रक्तवाहिनीची भिंत त्यांनी ओलांडली आहे, एवढ्यावरूनच तो कर्करोग ठरतो. याच कारणाने सुईने काढलेल्या सुट्या पेशी पाहून तो ओळखता येत नाही. शाळेतल्या खरवडलेल्या पेशींनाही हीच मर्यादा आहे. त्यांच्यात केंद्रक आणि पेशी यांचे प्रमाण दिसते, पण आधारपटल ओलांडले की नाही हे दिसत नाही.

नेऱ्याच्या त्या शेतकऱ्याच्या अहवालात म्हणून दोन गोष्टी येतील. बेटांमध्ये मोती स्पष्ट आहेत, म्हणजे पेशींनी आपले मूळ काम अजून सोडलेले नाही, हे रोगाचे नाव आणि दर्जा ठरवताना लिहिले जाईल. पुढे शस्त्रक्रियेत गालाचा भाग काढल्यावर ही बेटे किती खोल गेली हे मिलिमीटरमध्ये मोजले जाईल. पाच मिलिमीटरपर्यंतची खोली आणि दहाच्या पुढची खोली यांत फरक आहे. खोली वाढते तशी मानेतल्या लिंफ गाठींपर्यंत पेशी पोहोचल्याची शक्यता वाढते. मानेवर किती मोठी शस्त्रक्रिया करायची याचा विचार करताना सर्जन हा आकडा पाहतो.