काळ सांभाळणारा नकार

‘लिहीत नाही’, ‘लिहिलं नाही’, ‘लिहिणार नाही’ असं मराठीत म्हणताना ‘नाही’ जागचं हलत नाही, काळ क्रियापदच दाखवतं. प्रमाण अरबीत बरंचसं उलट आहे. क्रियापद वर्तमानाच्याच साच्यात राहतं आणि काळ ठरवतो नकाराचा शब्द.

‘यक्तुबु’ म्हणजे तो लिहितो. ‘ला यक्तुबु’ म्हणजे लिहीत नाही. ‘लन् यक्तुब’ म्हटलं की लिहिणार नाही. इथे शेवटचा ‘उ’ जाऊन ‘अ’ येतो. ‘लम् यक्तुब्’मध्ये तोही स्वर गळतो, आणि अर्थ होतो ‘त्याने लिहिलं नाही’. शिकणारे हमखास अडकतात ते इथेच. ‘त्याने लिहिलं’ हे ‘कतब’, म्हणून ते ‘लम् कतब’ म्हणून मोकळे होतात. पण लम् भूतकाळाच्या रूपाला शिवत नाही. कतबच ठेवायचं असेल तर ‘मा कतब’ म्हणावं. अर्थ जवळपास तोच, मात्र लेखी गद्यात लम् जास्त दिसतो. बोलींनी मात्र ‘मा’च उचलला; कैरोत त्याला शेपूट जोडून ‘मा कतब्श’ म्हणतात. भविष्याचीही अशीच एक गफलत होते. ‘सयक्तुबु’ म्हणजे लिहील, पण लन् आला की तो ‘स’ काढून टाकायचा.

शेवटच्या स्वराचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. ‘ला तक्तुबु’ म्हणजे तू लिहीत नाहीस, आणि ‘ला तक्तुब्’ म्हणजे लिहू नकोस! छापील अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे दोन्ही अगदी सारखी दिसतात आणि संदर्भावरून ओळखावी लागतात. अनेकवचनात सुटका होते. ‘ला तक्तुबून’ म्हणजे तुम्ही लिहीत नाही, ‘ला तक्तुबू’ म्हणजे लिहू नका. शेवटचा ‘न’ गळलेला डोळ्यांना दिसतो. लम् आणि लन्‌नंतरही तो असाच गळतो.

उरला ‘लैस’. ‘अल्-बैतु कबीरुन्’, घर मोठं आहे. या वाक्यात ‘आहे’ला शब्दच नाही, मग नकार लावायचा कशाला? त्यासाठी लैस: ‘लैसल्-बैतु कबीरन्’. ‘मोठं’चा शेवट ‘उन्’वरून ‘अन्’वर आला, इकडे लक्ष असू द्यावं. लैस कर्त्याप्रमाणे बदलतो. ‘मी नाही’ला ‘लस्तु’, ‘ती नाही’ला ‘लैसत्’. त्याची रूपं भूतकाळी क्रियापदासारखी चालतात, अर्थ मात्र वर्तमानाचा. त्यामुळे ‘घर मोठं नव्हतं’ म्हणायला तो उपयोगी पडत नाही. तिथे ‘असणे’चं क्रियापद आणून पुन्हा लम्‌कडेच जावं लागतं. ‘यकूनु’चा शेवटचा स्वर गळतो, मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, पुढच्या ‘अल्’शी जोडायला एक ‘इ’ येते, आणि वाक्य होतं ‘लम् यकुनिल्-बैतु कबीरन्’. ‘घर मोठं नसेल’ला लन् घेतला की ऊ पुन्हा दीर्घ: ‘लन् यकूनल्-बैतु कबीरन्’.