जास्तीचं बिल आणि क्रेडिट नोट

भोसरीतल्या एका वर्कशॉपनं जुलैमध्ये एका कारखान्याला ५०० ब्रॅकेट पुरवले, असं समजू. भाव ठरला होता नगाला २४० रुपये, बिलात मात्र २६० पडला. १,२०,००० च्या जागी १,३०,००० झाले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागला. जुलैचं रिटर्न गेलं, करही भरला, आणि चूक कळली सप्टेंबरमध्ये.

अशा वेळी पहिला मोह होतो तो बिल रद्द करून त्याच नंबरचं नवं बिल काढायचा. तसं करू नये, कारण जुनं बिल सरकारदरबारी नोंदलेलं असतं आणि कारखान्यानं त्यावरचं क्रेडिटही घेतलेलं असतं. जुलैच्या कागदाला हात न लावता वर्कशॉपनं सप्टेंबरच्या तारखेची क्रेडिट नोट काढायची. तिच्यावर मूळ बिलाचा नंबर, तारीख आणि फक्त फरक येतो: १०,००० रुपये किंमत आणि १,८०० कर, एकूण ११,८००. संपूर्ण बिलाची नोट काढायची गरज नसते.

मासिक रिटर्न भरणाऱ्यानं ही नोट सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे ११ ऑक्टोबरपर्यंत, दाखवायची. मग सप्टेंबरच्या ३बी मध्ये त्या महिन्याच्या विक्रीच्या करातून १,८०० वजा होतात. बँकेत परतावा येत नाही, त्या महिन्याचं देणं तेवढं कमी होतं. जुलैचं रिटर्न आहे तसंच राहतं.

खरी अडचण पलीकडच्या बाजूला असते. कारखान्यानं जुलैत २३,४०० रुपयांचं क्रेडिट घेतलं, हक्क होता २१,६०० चा. वरचे १,८०० त्यानं परत करायचे, तरच वर्कशॉपला सूट मिळते. नाहीतर एकाच कराचा फायदा दोघंही घेतील. वर्कशॉपची नोट कारखान्याला पोर्टलवरच्या इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये दिसते. तिथल्या अकाउंटंटनं ती न ओळखता नाकारली, तर तेच १,८०० वर्कशॉपच्या पुढच्या ३बी मध्ये देणं म्हणून परत चढतात. म्हणून नोट पाठवताना एक फोन करावा आणि चुकीचा भाव कुठला, बरोबर कुठला, ते सांगावं. निम्म्या भानगडी इथेच मिटतात, असं मला वाटतं.

मुदतीची गोम मात्र फोननं सुटत नाही. २०२५-२६ मधल्या बिलाची नोट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच रिटर्नमध्ये दाखवता येते. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं, तर मुदत त्याच दिवशी संपते. नंतरही भावातले १०,००० साध्या, बिनजीएसटीच्या नोटेनं सोडता येतात. पण भरलेले १,८०० वर्कशॉपला आपल्या देण्यातून वजा करता येत नाहीत.