किटलीच्या झाकणावर उभा माणूस

चहाच्या किटलीच्या झाकणावर एक माणूस उभा राहून दूरवर पाहतो आहे, किंवा तिच्या तोटीला लोंबकळतो आहे, अशी छायाचित्रे पुष्कळांनी पाहिलेली असतात. त्यांपैकी बरीचशी संगणकावर जोडलेली नसतात. किटली कॅमेऱ्याजवळ असते, माणूस तिच्या खूप मागे असतो आणि दोघे एकाच ठिकाणी असल्याचा भास होतो. या तंत्राला छायाचित्रकार ‘फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात. प्रत्यक्ष जागेवर उभे राहून पाहिले तर हा भास टिकत नाही, कारण दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी दृश्ये दिसतात आणि त्यावरून मेंदू अंतर ओळखतो. कॅमेऱ्याची लेन्स एकच असते, त्यामुळे ही खूण छायाचित्रात उतरतच नाही.

वस्तू किती मोठी दिसेल हे तिच्या उंचीला कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने भागले की कळते. २० सेंटीमीटर उंचीची किटली लेन्सपासून १ मीटरवर ठेवली, तर भागाकार ०.२ येतो. १६५ सेंटीमीटर उंचीचा माणूस तिच्या निम्मा दिसायला हवा असेल, तर त्याचा भागाकार ०.१ यायला हवा, म्हणजेच त्याने कॅमेऱ्यापासून साडेसोळा मीटरवर उभे राहायला हवे. झूम करून हे प्रमाण बदलत नाही. किटली आणि माणूस दोन्ही सारखेच मोठे होतात. कॅमेरा उचलून किटलीपासून अर्ध्या मीटरवर नेला तर मात्र किटली दुप्पट मोठी दिसते आणि माणूस जवळजवळ तेवढाच राहतो. प्रमाण जुळवायचे ते पायांनी चालून, बटणाने नव्हे.

आकार जमला तरी माणूस झाकणावर उभा दिसेलच असे नाही. ते काम कॅमेऱ्याची उंची करते आणि नवशिक्यांचे बहुतेक फोटो इथेच फसतात. सपाट मैदानात क्षितिजाची रेषा नेहमी लेन्सच्या उंचीवर दिसते. लेन्स जमिनीपासून ३ सेंटीमीटरवर असेल, तर क्षितिज किटलीला बुडापासून ३ सेंटीमीटरवर छेदते. दूरच्या माणसाचे पाय क्षितिजाच्या किंचितच खाली दिसतात. म्हणून माणूस किटलीच्या पायथ्याशी उभा दाखवायचा असेल, तर लेन्स जवळपास जमिनीला टेकवावी लागते. अनुभवी लोक त्यासाठी फोन उलटा धरतात, म्हणजे वरच्या कडेची लेन्स खाली येते. माणूस झाकणावर चढलेला हवा असेल, तर लेन्स झाकणाच्या थोडी वर न्यावी लागते. वरच्या उदाहरणात हिशेब केला तर ही उंची साधारण सव्वाएकवीस सेंटीमीटर येते. ती जरा कमी पडली की पावले झाकणामागे बुडतात आणि जास्त झाली की माणूस हवेत तरंगतो.

हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. कोकणातल्या पुळणीवर तो जसाच्या तसा चालत नाही, कारण वाळू समुद्राकडे उतरती असते. दर ५० मीटरला १ मीटर इतका सौम्य उतार धरला, तरी समुद्राच्या बाजूला साडेसोळा मीटरवर गेलेला माणूस सुमारे ३३ सेंटीमीटर खाली उतरलेला असतो. चित्रात त्याचे पाय झाकणाच्या जवळपास २ सेंटीमीटर खाली जातात आणि किटलीमागे झाकले जातात. लेन्स आणखी २ सेंटीमीटर उचलली की ते परत जागेवर येतात. किंवा किटली आणि माणूस यांची रांग पाण्याला समांतर लावावी, म्हणजे उताराचा प्रश्नच उरत नाही. बोलिव्हियातले सालार दे उयुनी हे मिठाचे मैदान अशा छायाचित्रांसाठी जगभर प्रसिद्ध आहे ते उगाच नाही. सुमारे १०,००० चौरस किलोमीटरच्या त्या विस्तारात उंचीचा फरक एक मीटरही नाही. शिवाय पांढऱ्या मिठावर झाड, वाट, दगड असे अंतर सांगणारे काहीच नसते. कच्छच्या पांढऱ्या रणातही हीच सोय आहे.

दोन गोष्टी हमखास चोरी पकडून देतात. पहिली म्हणजे धूसरपणा. किटली स्पष्ट आणि माणूस पुसट असेल, तर पाहणाऱ्याला अंतर लगेच कळते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर एफ १६ आणि फोकस १.२ मीटरवर ठेवला, तर साधारण ६० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. फोनवर निदान ‘पोर्ट्रेट’ मोड तरी बंद करावा, कारण पार्श्वभूमी पुसट करणे हेच त्याचे काम आहे. दुसरी गोष्ट सावलीची. झाकणावर उभ्या माणसाची सावली झाकणावर पडायला हवी, पण ती पडते साडेसोळा मीटर लांबच्या वाळूवर. ऊन बाजूने आले की ही विसंगती उघडी पडते. ढगाळ हवा सगळ्यांत बरी. नाहीतर सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा, म्हणजे सावल्या मागे लपतात. फक्त पालथे पडलेल्या छायाचित्रकाराची स्वतःची सावली किटलीवर पडू नये.

एक मर्यादा मात्र कोणत्याही हिशेबाने ओलांडता येत नाही. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते. त्यामुळे माणूस किटलीच्या वर, शेजारी किंवा मागून डोकावताना दाखवता येतो, पण तिच्या पुढच्या बाजूवरून चढताना दाखवता येत नाही. तोटीला लोंबकळण्यासाठी तो तोटीखाली उडी मारतो आणि त्याचे हात तोटीमागे झाकले जातात. पकड दिसत नाही, पाहणारा ती मनानेच पुरी करतो.

कॅमेरा हलला की सगळेच कोसळते, कारण जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा चित्रात जास्त सरकते. चित्रपटवाल्यांची ही जुनीच अडचण. पीटर जॅक्सनने २००१ च्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये बुटका फ्रोडो आणि धिप्पाड गँडाल्फ यांना अशाच रीतीने एकत्र बसवले. दोघे घोडागाडीत शेजारी बसलेले दिसतात, पण फ्रोडोची बैठक प्रत्यक्षात बरीच मागे होती. काही प्रसंगांत तर कॅमेरा सरकताच नटाची बैठकही त्याच्या हिशेबाने सरकवली गेली.

माणूस फारच चिमुकला हवा असेल, तर ही युक्ती अपुरी पडते. किटलीच्या तुलनेत ८७ पट लहान माणूस दाखवायचा, तर १ मीटरवरच्या किटलीसाठी त्याला ८७ मीटर लांब पाठवावे लागेल, आणि तिथून चेहरा ओळखूच येणार नाही. म्हणून अशा कामासाठी खेळण्यातल्या रेल्वेबरोबर मिळणाऱ्या, १:८७ प्रमाणातल्या बाहुल्या वापरतात. १७५ सेंटीमीटरचा माणूस त्यांत दोन सेंटीमीटरचा होतो आणि किटली त्याच्यापुढे १७ मीटरची, म्हणजे पाचमजली इमारतीएवढी उभी राहते. जपानी छायाचित्रकार तात्सुया तानाका २०११ पासून अशा बाहुल्या रोजच्या वस्तूंमध्ये मांडून रोज एक चित्र प्रसिद्ध करत आला आहे. त्याच्याकडे ब्रोकोलीची झाडे होतात. इथे बाहुली खरोखरच किटलीला चिकटवता येते, त्यामुळे पुढच्या बाजूने दोराने चढणारा गिर्यारोहकही दाखवता येतो. अडचण येते ती फोकसची. इतक्या जवळून काढलेल्या चित्रात पुढचे-मागचे सगळे पुसट होते आणि त्या पुसटपणावरूनच डोळा दृश्याचे खुजेपण ओळखतो. त्यावर उपाय म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेतात आणि त्यांतले स्पष्ट भाग एकत्र करतात. चेहऱ्यावरचे भाव हवे असतील तर खरा माणूस आणि मोकळे मैदान घ्यावे. चढाई दाखवायची असेल तर बाहुलीला पर्याय नाही.